कपाचा तुटलेला कान: गोंद कोणता, लावायचा कसा, आणि नंतर त्या कपात काय घ्यायचं

आमच्याकडचा निळा मग गेल्या पावसाळ्यात भांडी घासताना कुकरच्या झाकणावर आपटला आणि त्याचा कान अख्खा हातात आला. वरचा सांधा सुटला, खालचाही सुटला, आणि खालच्या सांध्याजवळचा ज्वारीच्या दाण्याएवढा टवका मोरीत वाहून गेला. भाच्याने खिशातून झटपट गोंदाची ती इवलीशी ट्यूब काढली, दोन थेंब लावले, तीस सेकंद दाबून धरलं आणि "घे, झाला" म्हणून मग परत दिला. अकराव्या दिवशी सकाळी मी चहाचा मग उचलला तर कान माझ्या बोटात आणि मग टेबलावर. अर्धा चहा आधीच पिऊन झाला होता म्हणून मांडीवर फारसं काही सांडलं नाही.

हा मग मी नंतर नीट चिकटवला. त्यात काय काय केलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. पण आधी तो पहिला जोड का सुटला ते बघायला हवं, कारण गोंदाची निवड त्याच्यावरच अवलंबून आहे.

जोर कुठे येतो

माझा मग रिकामा ३४० ग्रॅमचा. त्यात पाव लिटर चहा घातला की साधारण सहाशे ग्रॅम. आपण तो कानाने उचलतो तेव्हा कप पुढे कलंडू बघतो, म्हणून वरचा सांधा भिंतीपासून ओढला जातो आणि खालचा भिंतीवर दाबला जातो. नेहमीच्या आकाराच्या मगात वरच्या सांध्यावरची ही ओढ कपाच्या वजनाइतकीच, म्हणजे सहाशे ग्रॅमच्या आसपास भरते. तुटलेला भाग एक चौरस सेंटिमीटर धरला, तर चांगला लागलेला एपॉक्सी, म्हणजे दोन ट्यूबांतलं मिसळून लावायचा गोंद, तेवढ्या जागेवर दहा-वीस किलो तर सहज पेलतो. म्हणजे ताकदीचा प्रश्नच नाही.

प्रश्न उष्णतेचा आहे. ताजा गाळलेला चहा ऐंशी-पंच्याऐंशी अंश सेल्सिअसचा असतो आणि दोन-तीन मिनिटांत कपाची बाहेरची भिंत साठच्या पुढे सहज जाते. घरच्या तापमानाला आळणारा बहुतेक एपॉक्सी पन्नास-साठ अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो. मऊ म्हणजे वितळत नाही, पण काचेसारखा कडकपणा जाऊन चिवट रबरासारखा होतो आणि ओढीखाली हळूहळू सरकतो. शिवाय गरम झाल्यावर गोंद चिनी मातीपेक्षा कितीतरी जास्त फुगतो, त्यामुळे प्रत्येक चहाला जोडाच्या कडेला थोडा थोडा ताण बसत राहतो. झटपट गोंदाचं याहून वाईट होतं. तो मुळात ठिसूळ असतो आणि रोजच्या गरम पाण्याच्या धुण्याने त्याची पकड आतून सुटत जाते. बाहेरून काही दिसत नाही. एक दिवस कान हातात येतो, एवढंच.

चिकटवण्याआधी तुकडे वाचा

सगळे तुकडे, अगदी खपल्यासुद्धा, एका डबीत ठेवा. कडा चाकूसारख्या असतात, तेव्हा त्यांवरून बोट फिरवून बघू नका. तुकडे एकमेकांवर सारखे लावूनही बघू नका. दर वेळी कडेचे कण झडतात आणि जी जुळणी केसाएवढी बारीक होती ती दोऱ्याएवढी होते.

तुटलेल्या जागेवर, म्हणजे जिथे चकाकी नाही तिथे, पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब तसाच बसून राहिला तर माती चांगली भाजलेली आहे: स्टोनवेअर, पोर्सिलीन किंवा बोन चायना. थेंब शोषला गेला तर ते सच्छिद्र मातीचं भांडं आहे. असलं भांडं गोंदही पिऊन टाकतं आणि धुतल्यावर वाळायला दिवस घेतं.

मग कपाचा तळ तळहातावर अलगद टेकवा आणि नखाने टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर अंग शाबूत आहे. ठप्प आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. तडा कपाच्या भिंतीत उतरलेला असेल, किंवा कानाबरोबर भिंतीचाच तुकडा निघून भोक पडलं असेल, तर तो कप पुन्हा प्यायला वापरायचा नाही. गोंद आतल्या बाजूने पेयाला लागेल, आणि घरगुती एपॉक्सी खाण्यापिण्याच्या संपर्कासाठी बनवलेला नसतो. नुसता कानच सुटला असेल तर जोड पूर्ण बाहेर राहतो. त्या बाबतीत माझा मग नशीबवान.

गोंद कोणता

ज्याला आपण सरसकट आराल्डाईट म्हणतो तो दोन ट्यूबांचा एपॉक्सी. एका ट्यूबमध्ये राळ, दुसऱ्यात हार्डनर. कपाच्या कानाला हाच घ्या, आणि त्यातही सावकाश आळणारा घ्या. पाच मिनिटांत आळणारा मिळतो, तोही वाईट नाही, पण साधारणपणे तो पाणी आणि उष्णता या दोन्हींत हळू आळणाऱ्यापेक्षा कमी टिकतो. आणि कानाला दोन टोकं असतात. दोन्ही एकाच वेळी जागेवर बसवायची, जरा सरकवायची, लांबून बघायची, पुन्हा सरकवायची, याला पाच मिनिटं पुरत नाहीत. त्यातलं एक मिनिट तर घोटण्यातच जातं.

झटपट गोंदाची अडचणही हीच. वरचं टोक टेकलं की ते तिथेच धरतं, आणि खालचं एक मिलिमीटर बाजूला राहिलं तर तुम्ही काही करू शकत नाही. शोपीसच्या छोट्या तुकड्याला तो चालतो, उचलायच्या कानाला नाही. तो कापसावर सांडू देऊ नका, कापूस तापून धूर निघतो, हाताला चटका बसतो.

बाकीचे भराभर. लाकडाचा पांढरा गोंद पाण्याने मऊ होतो. ग्लू गनचा गोंद गरम चहाने ढिला पडतो. सिलिकॉन सुटत नाही, पण कान डुगडुगत राहतो. एम-सील हा लांबीसारखा मळायचा एपॉक्सी आहे. तो टवका भरायला उत्तम, पण सांध्यात घातलात तर जाड थर होतो आणि कान मूळ जागेवर बसतच नाही. उजेडाने आळणारा राळेचा गोंद अपारदर्शक मातीच्या आत आळणार नाही, कारण उजेड तिथे पोचतच नाही.

कोणी सोन्याच्या रेघांची जपानी किंत्सुगी सुचवेल. खरी किंत्सुगी उरुशी नावाच्या झाडाच्या लाखेने करतात आणि ती वाळायला आठवडे लागतात. बाजारातल्या संचात बहुधा एपॉक्सी आणि सोनेरी पूड असते. रेघ सुंदर दिसते, पण आतला गोंद तोच आणि त्याच्या मर्यादाही त्याच.

जुना गोंद, चहाचा डाग, तेलकट बोटं

माझ्या मगावर भाच्याचा गोंद होता. जुन्या गोंदावर नवा गोंद लावला तर तो मातीला नाही, जुन्या गोंदाला चिकटतो, आणि जुना सुटला की दोन्ही जातात. झटपट गोंद ॲसिटोनमध्ये विरघळतो. मी कान एका काचेच्या बरणीत ॲसिटोनमध्ये बुडवून झाकण लावून रात्रभर ठेवला आणि मगाच्या दोन्ही खुणांवर ॲसिटोनचा कापूस चिकटपट्टीने दाबून ठेवला, वरून प्लास्टिक. सकाळी गोंद साबुदाण्यासारखा फुगला होता, टूथपिकने निघाला. हे काम स्वयंपाकघरात करू नका. ॲसिटोन झटकन पेटतो. मी गॅलरीत केलं. नेलपॉलिश रिमूव्हर वापरणार असाल तर तेल किंवा सुगंध न घातलेला घ्या, नाहीतर साफ करायच्या जागेवरच तेलाचा थर बसेल.

एपॉक्सीचा जुना जोड असेल तर उकळत्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मऊ पडला की सुटतो, मग ब्लेडने खरवडा. कप गार पाण्यात ठेवून ते हळूहळू तापवा, थेट उकळीत टाकला तर नवा तडा जायचा.

यानंतर साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने तुटलेल्या जागा घासा, धुवा आणि वाळू द्या. चांगल्या भाजलेल्या मातीला एक रात्र पुरते. सच्छिद्र असेल तर दोन-तीन दिवस द्या, पावसाळ्यात त्याहून जास्त. जोडायच्या जरा आधी स्पिरिटमध्ये बुडवलेल्या इअरबडने सांधे पुसा आणि त्यानंतर तिथे बोट लावू नका. पोळ्या करून आलेल्या हाताचा तुपाचा अंश डोळ्यांना दिसत नाही, पण गोंदाची पकड तेवढ्यानेही जाते.

तुटलेली कड सँडपेपरने घासायचा मोह होतो. घासू नका. ती खडबडीत कड म्हणजे आयती खाचाखाच आहे, तुकडा आपोआप जागेवर बसवणारी.

तांदळाची बैठक

आता गोंद न लावता एक पूर्ण तालीम करायची. माझ्या मते अख्ख्या कामात सगळ्यात महत्त्वाचं काही असेल तर ते हेच.

एक खोल कढई किंवा पातेलं घ्या, त्यात तांदूळ भरा. कप आडवा करून तांदळात रुतवा, म्हणजे कानाच्या जागा थेट आकाशाकडे येतील. आता कान वरून ठेवला की त्याचं स्वतःचं वजनच त्याला सांध्यात दाबतं. कप उभा ठेवून कान बाजूला चिकटवणारे लोक रात्रभर दोरे, रबर, पुस्तकं यांचे मनोरे रचतात, आणि पहाटे बघावं तर कान दोन मिलिमीटर खाली घसरलेला. तांदूळ आधी साध्या पिशवीत भरून घेतले तर कपाला चिकटत नाहीत आणि नंतर भातालाही चालतात.

कान ठेवल्यावर नखाने सांध्यावरून आडवं जा. नख अडलं तर एक बाजू वर आहे. लांबून, कपाच्या तोंडाकडून एका डोळ्याने बघा, कान मध्यरेषेत हवा. माझा कान एका टोकाला नेमका बसायचा आणि दुसऱ्याला केसभर उचललेला राहायचा. तिथे ॲसिटोनमधून सुटलेला गोंदाचा एक कण उरला होता. तो टूथपिकने काढल्यावर "टक्" करून बसला. हा टक् ऐकू आल्याशिवाय ट्यूब उघडू नका.

कान मधूनच तुटून त्याचे दोन-तीन तुकडे असतील तर तेही आधी कोरडेच लावून कुठला तुकडा शेवटी बसतो ते ठरवा. शेवटच्या तुकड्याला दोन्हीकडून आत शिरायचं असतं, आणि आधीचे दोन घट्ट झाले असतील तर तो बाहेरच अडतो. म्हणून असे सगळे तुकडे एकाच बैठकीत, गोंद ओला असतानाच लावायचे.

चिकटपट्टीचे पाच-सहा बोटभर तुकडे कापून ओट्याच्या कडेला लटकवून ठेवा. नंतर हात मोकळा नसतो.

घोटणं आणि लावणं

पातळ हातमोजे घाला. न आळलेला हार्डनर काहींच्या त्वचेला बाधतो आणि एकदा बाधला की पुढे दर वेळी बाधतो.

जुन्या टाइलच्या तुकड्यावर दोन्ही ट्यूबांच्या सारख्या लांबीच्या रेघा काढा. प्रमाण पाकिटावर लिहिलेलं असतं, माझ्याकडच्याचं सारखंच होतं. कानाला प्रत्यक्षात हरभऱ्याच्या डाळीएवढाही गोंद लागत नाही, पण तेवढाच काढायला गेलात तर प्रमाण चुकतं. दोन्हींच्या दीड-दीड सेंटिमीटरच्या रेघा घ्या, उरलेलं वाया गेलं तरी चालेल. हार्डनर जास्त घातला की लवकर आळतो हा समज चुकीचा आहे. जास्त घातलेला हार्डनर तसाच मोकळा राहतो आणि जोड कायमचा चिकट राहतो.

आईस्क्रीमच्या काडीने कमीत कमी एक मिनिट घोटा, बाजूचं मधे ओढत. पांढुरक्या रेघा दिसेनाशा होऊन रंग एकसारखा व्हायला हवा.

टूथपिकच्या टोकाने फक्त कानाच्या दोन्ही टोकांना गोंद लावा, कपाला नको. थर इतका पातळ की खालची माती अंधुक दिसावी, आणि बाहेरच्या कडेपासून एक मिलिमीटर जागा कोरडी सोडा. दाबल्यावर गोंद तिथपर्यंत स्वतःच येतो. जास्त गोंदाने जोड पक्का होत नाही, उलट कान त्या गोंदावर तरंगतो.

कान ठेवा, जरासा इकडेतिकडे हलवत तो टक् पुन्हा शोधा आणि अर्धा मिनिट दाबून धरा. सांध्याभोवती मोहरीपेक्षा बारीक थेंबांची माळ दिसली तर प्रमाण बरोबर आहे. मग चिकटपट्टीचं एक टोक कानावर, दुसरं कपावर, थोडी ताणून, आलटून पालटून दोन्ही बाजूंनी. एकाच बाजूने ताणलीत तर कान तिकडे झुकतो. दहा मिनिटांनी पुन्हा नख फिरवून बघा. हळू आळणाऱ्या गोंदात तोवर चूक सुधारता येते.

टाइलवर उरलेला गोंद पुसू नका. तो साक्षीदार आहे. सांध्यात काय चाललंय ते त्यावरून कळतं.

कापायची वेळ

बाहेर आलेला गोंद ओला असताना फडक्याने पुसायला गेलं की तो चकाकीवर फासला जातो, आणि स्पिरिट जास्त झालं तर सांध्यातच झिरपतं. मी थांबते. टाइलवरच्या गोंदात नख रुततं पण गोंद नखाला लागत नाही, अशी एक वेळ येते. हळू आळणाऱ्याला ती यायला काही तास लागतात, थंडीत आणखी. पाच मिनिटांवाल्याला अर्ध्या तासाच्या आत. तेव्हा तो चीझसारखा असतो आणि नवं ब्लेड कपाला सपाट टेकवून फिरवलं की अख्खी रेघ सालीसारखी निघते. ही वेळ हुकली तर मग खरवडत बसावं लागतं आणि चकाकीवर ओरखडे येतात.

कप चोवीस तास तांदळातून हलवू नका. थंडीत दोन दिवस, आणि फ्रिजच्या वरसारख्या उबदार जागी. चोवीस तासांनी टाइलवरचा गोंद नखाला कडक लागला आणि टोकरल्यावर तुटला तर ठीक. अजून चिकट असेल तर एक दिवस आणखी द्या. तरीही चिकटच राहिला तर प्रमाण किंवा घोटणं चुकलं आहे, सांध्यातही तेच झालंय. उकळून काढा आणि पुन्हा करा.

माझा तो ज्वारीएवढा टवका मी दुसऱ्या दिवशी भरला. उरलेला तसलाच एपॉक्सी नव्याने घोटून त्यात खडूची बारीक पूड घातली, कणकेइतकी घट्ट होईपर्यंत, आणि ओल्या टूथपिकने बसवली. रंग जुळला नाही. निळ्या मगावर पांढरा ठिपका आहे, असू दे.

तपासणी, आणि चहाचं काय

तीन दिवसांनी मग बेसिनच्या वर, खाली जाड फडकं घालून, गार पाण्याने काठोकाठ भरला आणि कानाने उचलून शंभर आकडे मोजले. काही झालं नाही. मग दुसरी परीक्षा. मग बेसिनमध्येच ठेवून त्यात चहाइतकं गरम पाणी ओतलं, पाच मिनिटं थांबले आणि न उचलता कान बोटाने बाजूला ढकलून पाहिला. डोळ्यांना काही हललेलं दिसलं नाही, पण बोटाला अगदी किंचित दबल्यासारखं लागलं. गार झाल्यावर पुन्हा ढकलला तर दगडासारखा घट्ट.

हे किंचित दबणं म्हणजेच तो मऊ पडलेला गोंद. आज तो धरतो, पण शंभराव्या गरम चहाला धरेलच असं मी कोणाला सांगणार नाही. त्यामुळे नियम असा केला: या मगात ताक, सरबत, गार दूध. मायक्रोवेव्ह नाही, डिशवॉशर नाही, रात्रभर पाण्यात भिजवणं नाही. कोणाला चहाच घ्यायचा असेल तर कान नुसता शोभेचा समजून मग दोन्ही हातांनी अंगाने धरायचा, आणि लहान मुलांच्या हातात द्यायचा नाही.

घरच्यांना हे पाठ झालं. दिवाळीत पाहुणे आले, गर्दीत कोणीतरी त्यातच चहा ओतला आणि ट्रेमधून बाहेर नेला. मी धावत जाऊन बदलला. आता तो माझ्या टेबलावर आहे, पेन्सिली ठेवायला.